वार्षिक प्लॅन बंद करायचाय? आधी तो कुठून घेतला ते शोधा

(पीडीएफ, ई-सही आणि फोटो एडिटिंगची सॉफ्टवेअरं वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

बँकेचा मेसेज उघडून फोन काउंटरवर ठेवायचा आणि विचारायचं, ‘गेल्या वर्षी हाच प्लॅन एवढ्या स्वस्तात मिळाला होता, आता न विचारता जवळजवळ दुप्पट कसे कापले?’ हा प्रश्न आमच्या दुकानात इतक्यांदा येतो की शेवटी हे पत्रक छापून घेतलं.

पैसे कापले जातात ते असे. पहिल्या वर्षाचा भाव सवलतीचा असतो. पैसे भरण्याच्या पानावर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की मुदत संपली की प्लॅन आपोआप पुढे चालू राहील आणि त्या वेळचा नेहमीचा दर लागेल. पैसे भरताना आपण त्याला होकार दिलेला असतो, आणि त्याच वेळी कार्डावर किंवा यूपीआयवर पुढच्या कपातीचं मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापायची परवानगीही तयार झालेली असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ₹१५,००० पर्यंतच्या अशा पुढच्या कपातीला पुन्हा ओटीपी लागत नाही. एका माणसाचा पीडीएफ किंवा फोटोचा प्लॅन सहसा या मर्यादेच्या आतच बसतो, म्हणून पैसे गुपचूप गेल्यासारखे वाटतात. कपातीच्या किमान २४ तास आधी बँकेने सूचना द्यायची असते आणि ती बहुतेक वेळा आलेलीही असते. पण जाहिरातींच्या मेसेजमध्ये ती कोण वाचतो?

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक

ॲप काढून टाकलं, कॉम्प्युटर फॉरमॅट केला किंवा जुनं कार्ड बदललं की प्लॅन संपला, असं बरेच जण धरून चालतात. पैसे थकवले म्हणून पेपर टाकणारा मुलगा यायचा थांबत नाही, त्याला ‘उद्यापासून नको’ असं सांगावं लागतं. इथेही तसंच आहे. आणि सांगायचं ते जिथून प्लॅन घेतला तिथेच सांगावं लागतं.

खरी अडचण इथेच येते. एकच पीडीएफ ॲप तीन वाटांनी विकत घेता येतं: कंपनीच्या वेबसाइटवरून, ॲन्ड्रॉइड फोनवरच्या प्ले स्टोअरमधून किंवा आयफोनच्या ॲप स्टोअरमधून. प्ले स्टोअरमधून घेतलेला प्लॅन कंपनीच्या वेबसाइटवर कितीही शोधला तरी बंद करायचं बटण सापडत नाही. ग्राहक म्हणतो कंपनी लबाड आहे. अधूनमधून ते खरंही असतं, पण बहुतेक वेळा आपणच चुकीच्या दारात उभे असतो.

वाट ओळखण्यासाठी बँकेच्या स्टेटमेंटमधली कपातीची ओळ बघा. तिथे APPLE.COM/BILL असेल तर प्लॅन आयफोनवरून घेतलेला आहे. गूगलचं नाव असेल तर प्ले स्टोअरवरून. थेट कंपनीचं नाव असेल तर वेबसाइटवरून. यूपीआयने पैसे गेले असतील तर तुमच्या यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीत मँडेट कोणाच्या नावाने आहे तेही दिसतं.

वाट कळली की दुसरा प्रश्न येतो: खातं कोणत्या ईमेलवर आहे? आमचा निम्मा वेळ यातच जातो. एका बांधकाम ठेकेदारांच्या ऑफिसचं उदाहरण सांगतो. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. त्यांनी जूनच्या १२ तारखेला पीडीएफचा वार्षिक प्लॅन घेतला, ४० टक्के सवलतीत, ₹७,२०० चा ₹४,३२० ला. कार्ड मालकांचं होतं, पण खातं उघडलं होतं ऑपरेटरने, स्वतःच्या ईमेलवर. ऑपरेटर दिवाळीत नोकरी सोडून गेला. पुढच्या जूनमध्ये ₹७,२०० कापले गेले तेव्हा मालक स्वतःच्या ईमेलने लॉग-इन करून बघत होते आणि तिथे ‘कोणताही प्लॅन नाही’ असं दिसत होतं. कंपनीनेही पावती आणि ‘प्लॅन लवकरच रिन्यू होईल’ ही सूचना ऑपरेटरच्याच ईमेलवर पाठवली होती.

अशा वेळी ऑफिसमधल्या प्रत्येक ईमेलच्या इनबॉक्समध्ये receipt, invoice आणि subscription हे शब्द एकेक करून शोधा, आणि खरेदीच्या तारखेच्या आसपासचे मेल बघा. स्पॅमचा कप्पाही सोडू नका. तरीही मिळालं नाही तर कंपनीच्या सपोर्टला कार्डाचे शेवटचे चार आकडे, कपातीची तारीख आणि नेमकी रक्कम कळवा. त्यावरून खातं सापडण्याची चांगली शक्यता असते. कार्डाचा पूर्ण नंबर कोणालाही देऊ नका, आम्हालासुद्धा.

प्रत्यक्ष बंद करताना

ॲन्ड्रॉइडवर प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडच्या तुमच्या फोटोवर टॅप करा, मग Payments & subscriptions, त्यात Subscriptions, तिथे तो प्लॅन निवडून Cancel subscription. फोनवर दोन गूगल खाती असतील तर फोटोवर टॅप करून दुसऱ्या खात्यातही बघा. आयफोनवर Settings, सगळ्यात वर तुमचं नाव, मग Subscriptions, आणि प्लॅनवर जाऊन Cancel Subscription. आयफोनवर हे काम शेवटच्या दिवसावर ठेवू नका, निदान एक दिवस तरी आधी करा.

वेबसाइटवरून घेतलेल्यांमध्ये आमच्याकडे सर्वाधिक ग्राहक ॲडोबीचे आहेत, म्हणून त्याचं थोडं सविस्तर सांगतो. account.adobe.com वर लॉग-इन करून प्लॅनसमोरच्या Manage plan मध्ये जायचं आणि Cancel your plan निवडायचं. मग कारण विचारतात आणि लगेच सवलतीच्या ऑफर पुढे येतात. ऑफर स्वीकारली की रद्द करणं तिथेच थांबतं. नको असेल तर ‘नको’ म्हणत शेवटच्या Confirm पर्यंत जावं लागतं. अनेक जण मधल्या पानावरच ‘झालं’ समजून खिडकी बंद करतात.

त्याआधी एक गोष्ट नीट बघा. वार्षिक प्लॅन दोन प्रकारचे असतात: वर्षाचे पैसे एकदम भरलेला, आणि करार वर्षाचा पण पैसे दरमहा. दुसरा प्रकार लोकांना मासिक वाटतो. ॲडोबीमध्ये असा प्लॅन पहिल्या १४ दिवसांनंतर मध्येच सोडला तर उरलेल्या महिन्यांच्या रकमेच्या निम्मी रक्कम एकदम कापतात. महिना ₹८०० धरा. पाच महिने भरून सोडला तर सात महिन्यांचे ₹५,६०० उरतात, त्याचे निम्मे ₹२,८०० जातील, आणि सॉफ्टवेअरही त्या महिन्याच्या शेवटी बंद होईल. अमेरिकेत याच शुल्काच्या लपवाछपवीवरून तिथल्या सरकारने २०२४ मध्ये ॲडोबीवर खटला भरला होता. म्हणून उरलेले महिने सॉफ्टवेअर वापरायचं असेल तर दरमहावाल्यांनी वर्ष संपत येईपर्यंत थांबून, रिन्यूची तारीख उलटण्याआधी रद्द केलेलं परवडतं.

एकदम भरलेल्या प्लॅनचं गणित वेगळं आहे. पहिल्या १४ दिवसांत रद्द केला तर पैसे परत मिळतात आणि वापर थांबतो. त्यानंतर रद्द केला तर पैसे परत मिळत नाहीत, पण वर्ष संपेपर्यंत सॉफ्टवेअर चालू राहतं. म्हणूनच आमच्याकडून प्लॅन घेतलेल्यांना आम्ही तिसऱ्या आठवड्यात फोन करून आपोआप रिन्यू होणं बंद करायला सांगतो. ‘आत्ताच विकला आणि आत्ताच बंद करायला सांगताय?’ असं काही जण चेष्टेने म्हणतात. वर्षभर वापर तर होतोच, पुढच्या वर्षी हवा असेल तर त्या वेळचे भाव बघून नव्याने घेता येतो. इतर कंपन्यांचे नियम वेगळे असू शकतात, रद्द करण्याआधीच्या पानावर वापर कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. ते वाचूनच पुढे जा.

झालं की नाही याची खूण एकच. प्लॅनच्या पानावर ‘रिन्यू होण्याची तारीख’ न दिसता ‘संपण्याची तारीख’ दिसली पाहिजे, आणि रद्द झाल्याचा मेल आला पाहिजे. त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा. त्यानंतर बँकेच्या किंवा यूपीआयच्या ॲपमधून मँडेटही रद्द करा, पण क्रम हाच ठेवा. दरमहा करारात नुसतं मँडेट तोडलं तर करार तसाच राहतो आणि कंपनी थकबाकी मागू शकते.

ई-सहीवाल्यांनी आणखी एक काम आधी करायचं आहे. सह्या झालेले करार आणि त्यांच्यासोबतची नोंद, म्हणजे कोणी, कधी, कोणत्या ईमेलवरून सही केली तो कागद, दोन्ही डाउनलोड करून घ्या. भाडेकराराचा वाद झाला तर नुसत्या पीडीएफपेक्षा ती नोंद जास्त कामाला येते. आणि टेंडरसाठी वापरता तो यूएसबी टोकन, म्हणजे डीएससी, याचा या प्लॅनशी संबंध नाही. तो मुदत संपली की थांबतो, आपोआप पैसे कापत नाही. खरं तर टोकनने पीडीएफवर सही करायला ॲक्रोबॅटचा फुकट रीडर पुरतो. फक्त तेवढ्यासाठी पैशांचा प्लॅन घेतलेले ग्राहक आम्हाला भेटतात, तेव्हा आम्ही त्यांना तो सोडायलाच सांगतो.

पैसे कापले गेलेच असतील तर

त्याच दिवशी हालचाल करा. प्ले स्टोअरच्या खरेदीवर ४८ तासांच्या आत गूगलकडे परतावा मागता येतो. आयफोनवाल्यांनी reportaproblem.apple.com वर जावं. वेबसाइटवरून घेतला असेल तर कंपनीच्या चॅटवर स्पष्ट लिहा की रिन्यूअल नको आहे, रिन्यूनंतर सॉफ्टवेअर वापरलेलं नाही, प्लॅन रद्द करून रक्कम परत करा. वापरलेलं नसेल तरच असं लिहा, त्यांच्याकडे नोंद असते. बँकेत ‘फसवणूक झाली’ म्हणून तक्रार करण्यात फारसा अर्थ नाही, कारण मँडेट आपणच दिलेलं असतं.

बंद करण्याची सोय मुद्दाम लपवलेली असेल तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या डार्क पॅटर्नविरोधी, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांविरोधी मार्गदर्शक तत्त्वांत हा प्रकार नाव घेऊन अनुचित ठरवलेला आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तक्रारीसोबत स्क्रीनशॉट द्या.

आमच्याकडे येणार असाल तर

हे काम आम्ही करून देतो आणि त्याचे ₹१५० घेतो. ‘दोन क्लिकचं काम’ असतं तर घेतले नसते, पण खातं शोधण्यातच पाऊण तास जातो. आमच्याकडून प्लॅन घेतलेल्यांना हे काम फुकट, कारण त्यांची खरेदीची तारीख आणि ईमेल आमच्या वहीत असतो. खातं आम्ही कायम ग्राहकाच्याच ईमेलवर उघडतो, दुकानाच्या नाही. त्यामुळे पासवर्ड आणि ओटीपी तुम्हीच टाकायचा आहे, फोन करून ‘तुम्हीच करून टाका’ म्हटलं तर जमणार नाही.

येताना ज्यावर बँकेचे मेसेज येतात तो फोन, गेल्या वर्षीच्या कपातीची तारीख आणि ऑफिसमधल्या सगळ्या ईमेलचे पासवर्ड माहीत असलेला माणूस, एवढं सोबत आणा. रिन्यूच्या तारखेच्या निदान आठवडाभर आधी या. मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात टोकनच्या कामांची गर्दी असते, तेव्हा सकाळी अकराच्या आत आलात तर थांबावं लागणार नाही.