उलट भाषांतर (प्रतिमेवरील मजकुराच्या पडताळणीसाठी)

पाटी, वेष्टन किंवा कागदाच्या छायाचित्रावरून केलेले भाषांतर पुन्हा मूळ भाषेत आणून अर्थ कुठे सरकला ते शोधण्याची पद्धत. यंत्रभाषांतराच्या क्षेत्रात साधारण २०१६ पासून याच नावाने ओळखले जाणारे, प्रशिक्षणासाठी कृत्रिम वाक्यजोड्या तयार करण्याचे तंत्र वेगळे आहे.

पद्धतीचे श्रेय बहुधा मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ब्रिसलिन यांच्या १९७० च्या लेखाला दिले जाते. मात्र त्या लेखातच आधीच्या वापराचा आढावा असल्याने, त्यांनी पद्धत शोधली म्हणण्यापेक्षा तिला शिस्त लावली म्हणणे अधिक योग्य वाटते. उलट भाषांतर मुळाशी जुळले तरी फसगत होऊ शकते, हेही त्यांनी नोंदवले: सराईत दुभाषी सदोष भाषांतरातूनही योग्य अर्थ ओढून काढतो आणि दोष झाकला जातो.

प्रतिमेच्या बाबतीत फसगतीची आणखी एक जागा असते, ती म्हणजे अक्षरवाचन. जपानी औषधाच्या पाकिटावरील ‘शोक्कान’ ही सूचना घ्या. ती दोन चिन्हांनी लिहितात. दुसऱ्या चिन्हात दाराच्या चौकटीत ‘सूर्य’ असतो. पाकीट चकाकले की यंत्र तिथे ‘तोंड’ वाचते आणि निरर्थक शब्द उरतो. आकड्यांत धोका जास्त, कारण चुकीचा वाचलेला आकडाही अर्थपूर्णच दिसतो. दिवसातून ३ वेळा ऐवजी ८ वेळा वाचले गेले, तर भाषांतर आणि उलट भाषांतर दोन्हींत ८ च येतो. म्हणून वाचलेला मजकूर आधी मूळ चित्राशी अक्षरशः ताडावा. आकडे, एकके आणि नकार सर्वांत आधी.

वाचन बरोबर असतानाही अर्थ सरकतो. ‘शोक्कान’ म्हणजे दोन जेवणांच्या मधला वेळ, जेवणानंतर सुमारे २ तास. मराठीत ‘जेवणादरम्यान घ्यावे’ असे उतरले, आणि मूळ न पाहिलेल्या दुभाष्याने ते जपानीत नेले, तर ‘शोकुजिचू’, म्हणजे जेवत असताना, असे येते. मुळातला शब्द परतला नाही, तेव्हा वाक्य तपासावे. त्याच यंत्राने उलटवले तर ‘शोक्कान’ परत येऊन सारे आलबेल वाटण्याची शक्यता असते. म्हणून उलट दिशेला दुसरे यंत्र किंवा दुसरी व्यक्ती वापरतात. ‘दोन जेवणांच्या मधल्या वेळेत, जेवणानंतर सुमारे २ तासांनी’ असे लिहून पुन्हा उलटवले की संदिग्धता उरत नाही.

प्रत्येक फरक चूक नसतो. ‘घ्यावे’चे ‘घ्या’ झाले तर सोडून द्यावे. कोण, किती, केव्हा, करावे की करू नये यांपैकी काही बदलले, तर मूळ चित्र पुन्हा उघडावे. शब्द बरोबर पण सूर उद्धट, अशी चूक या पद्धतीत सहसा सापडत नाही. तिथे ती भाषा रोज बोलणाऱ्याने थेट भाषांतर वाचणेच उपयोगी पडते.