फायबर पॅचकॉर्डच्या आवरणाचे रंग

दोन प्रकाशीय उपकरणे, किंवा उपकरण आणि पॅच पॅनेल, यांना जोडणाऱ्या आखूड फायबर केबलला पॅचकॉर्ड म्हणतात. तिच्या बाह्य आवरणाचा रंग पाहून आतील तंतू सिंगलमोड आहे की मल्टिमोड, आणि मल्टिमोड असल्यास साधारण कोणत्या प्रतीचा, याचा अंदाज बांधता येतो. हे संकेत प्रामुख्याने टीआयए-५९८ या अमेरिकी मानकातून रूढ झाले आहेत. एकाच केबलमधील अनेक तंतू ओळखण्यासाठी वापरली जाणारी निळा, नारिंगी, हिरवा अशी बारा रंगांची मालिका वेगळी असून ती केवळ तंतूंचा क्रमांक सांगते. त्यामुळे आवरणाचा नारिंगी रंग आणि आतल्या तंतूचा नारिंगी रंग यांचा एकमेकांशी संबंध नसतो.

पिवळे आवरण म्हणजे सिंगलमोड. याचा गाभा सुमारे ९ मायक्रॉन व्यासाचा असतो. ओएस१ आणि ओएस२ या दोन्ही प्रतींना पिवळाच रंग असल्याने येथे रंगावरून प्रत कळत नाही. मल्टिमोडमध्ये नारिंगी रंग सर्वांत जुना असून तो सर्वांत संदिग्धही आहे, कारण ६२.५ मायक्रॉन गाभ्याचा ओएम१ आणि ५० मायक्रॉन गाभ्याचा ओएम२ हे दोन्ही त्याच आवरणात येतात. हे तंतू एलईडी प्रकाशस्रोतांच्या काळातले होत. पुढे ८५० नॅनोमीटरच्या लेझरसाठी खास घडवलेला ५० मायक्रॉनचा तंतू आला, तेव्हा तो जुन्यांपासून वेगळा दिसावा म्हणून त्याला ॲक्वा, म्हणजे निळसर-हिरवा रंग मिळाला. ओएम३ आणि त्याहून सरस ओएम४ हे दोन्ही ॲक्वाच असतात. युरोपात ओएम४ साठी जांभळट-गुलाबी रंगही प्रचलित आहे. ओएम५ ला फिकट पोपटी रंग ठरवला गेला.

रंगांतून मोड बराच खात्रीने कळतो, प्रत मात्र अर्धवटच कळते. ओएम३ आणि ओएम४ यांची सरमिसळ झाली, तरी दोन्हींचा गाभा ५० मायक्रॉनचा असल्याने सांध्यावर प्रकाश विशेष सांडत नाही आणि जोडणी चालू होते. फरक पडतो तो अंतरात: प्रतिसेकंद १० गिगाबिटच्या एसआर जोडणीला ओएम३ वर ३०० मीटर, तर ओएम४ वर ४०० मीटरची मर्यादा मानकात दिली आहे. ज्या मार्गात दोन्ही आहेत तो सावधगिरीने ओएम३ चाच धरावा.

गाभ्याचा व्यासच बदलला, तर दोष वेगळ्या रीतीने दिसतो. समजा, भिंतीतली कायम केबल ओएम३ आहे आणि ‘अ’ बाजूच्या स्विचला कोणी जुनी नारिंगी, ६२.५ मायक्रॉनची पॅचकॉर्ड लावली. ‘अ’कडून निघालेला प्रकाश रुंद गाभ्यातून अरुंद गाभ्यात शिरताना कडेचा भाग गमावतो. गाभा पूर्ण भरलेला असल्यास केवळ व्यासांच्या फरकामुळे ही हानी सुमारे १.९ डेसिबल येते, आणि दोन तंतूंच्या प्रकाश स्वीकारण्याच्या कोनातील फरक धरला तर ती सुमारे ४.७ डेसिबलपर्यंत जाते; लेझर सहसा गाभा पूर्ण भरत नाही, म्हणून प्रत्यक्षातली हानी कमी असू शकते. ‘ब’कडून येणारा प्रकाश मात्र अरुंदातून रुंदात जातो आणि जवळजवळ पूर्ण पोहोचतो. परिणामी ‘अ’चे ग्रहण ठीक, पण ‘ब’चे क्षीण, अशी एकतर्फी तक्रार उभी राहते. ओएम३ वर १० गिगाबिटच्या एसआर जोडणीच्या संपूर्ण मार्गासाठी २.६ डेसिबल हानीच गृहीत धरलेली आहे, हे लक्षात घेतले की एका चुकीच्या कॉर्डने काय होते ते समजते. लिनक्स यंत्रावर ट्रान्सीव्हरची ग्रहणशक्ती अशी पाहता येते (`eth0` च्या जागी आपल्या पोर्टचे नाव द्यावे):

```
ethtool -m eth0
```

दोन्ही टोकांचे आकडे शेजारी ठेवून फक्त एकच कमी आढळला, तर मळलेल्या टोकाची शक्यता आधी पुसून दूर करावी आणि मग दुसऱ्या टोकाकडील कॉर्ड तपासावी. मल्टिमोडमधून सिंगलमोडमध्ये जाताना हीच हानी इतकी मोठी होते (५० वरून ९ मायक्रॉनवर व्यासांच्या गणितानेच सुमारे १५ डेसिबल) की त्या दिशेची जोडणी सहसा उठतच नाही.

कनेक्टरचा रंग हा आणखी एक स्वतंत्र संकेत आहे. सिंगलमोडमध्ये निळा कनेक्टर साधे घासलेले टोक, तर हिरवा ८ अंशांत तिरपे घासलेले टोक दाखवतो. हिरवा निळ्यात खुपसला तर दोन्ही टोकांच्या काचा नीट टेकत नाहीत आणि आवरण दोन्हीकडे पिवळेच असूनही हानी वाढते.

आवरणाचा रंग ही प्रथा आहे, मोजमाप नव्हे. सैनिकी वापरातील संकेत वेगळे आहेत, आणि मागणीनुसार कोणत्याही रंगाच्या कॉर्ड बनवून मिळतात. काही डेटा सेंटरमध्ये दुहेरी मार्ग ओळखता यावेत म्हणून मुद्दाम भलते रंग वापरले जातात. अंतिम प्रमाण मानायचा तो आवरणावर छापलेला मजकूर: त्यावर ‘५०/१२५’ किंवा ‘६२.५/१२५’ अशी गाभा आणि काचेचे वेष्टन यांच्या व्यासांची जोडी आणि बहुधा प्रतीचे नावही असते. छपाई पुसलेली नारिंगी कॉर्ड ओएम१ समजून बाजूला ठेवणेच योग्य.