वार, नाळ आणि दहा युनिटचं इंजेक्शन

बाळ जन्मल्यापासून वार पडेपर्यंतचा वेळ म्हणजे प्रसूतीचा तिसरा टप्पा. वार सुटते तिथल्या रक्तवाहिन्या गर्भाशयाचे स्नायूच आवळून बंद करतात. गर्भाशय सैल राहिलं की त्या उघड्या राहतात आणि बाळंतीण काही मिनिटांत धोक्यात येते. म्हणून या टप्प्यात नुसती वाट न पाहता औषध द्यायचं आणि नाळ धरून वार बाहेर काढायची, अशी सक्रिय पद्धत रुळली. यातलं खरं काम कोण करतं, औषध की हात, हे कळायला मात्र बराच काळ गेला.

सुरुवात राईवरच्या अर्गट नावाच्या बुरशीपासून झाली. 1808 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या जॉन स्टर्न्स यांनी कळा वाढवण्यासाठी तिची पूड वापरल्याचं लिहिलं. पुढे बाळ जन्मण्याआधीच ती दिल्यामुळे अर्भकं दगावू लागली आणि गर्भाशय फाटू लागली, तेव्हा ती फक्त बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला वापरावी, असं मत पुढे आलं. 1935 मध्ये डडली आणि मॉयर यांनी तिच्यातून एर्गोमेट्रिन वेगळं काढलं. 1950च्या दशकात द्यू विन्यो यांनी गर्भाशय आवळणारं संप्रेरक ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत बनवलं.

नाळेचा प्रश्न इथेच येतो. एर्गोमेट्रिनने गर्भाशय सतत आवळलेलं राहतं, त्यामुळे सुटलेली वारही आत अडकू शकते. ते होण्याआधी ती बाहेर काढणं भाग होतं. पोटावरून गर्भाशय दाबून वार पिळून काढायची क्रेडे यांची रीत जुनी होती, पण त्रासदायक. 1930च्या दशकात ब्रँट यांनी नाळ स्थिर धरून गर्भाशय वर ढकलायला सांगितलं. पुढे नाळ खाली ओढताना गर्भाशय वर थोपवून धरायची नियंत्रित पद्धत आली.

आज ती अशी करतात. बाळ जन्मल्यावर पोट चाचपून आत दुसरं बाळ नाही याची खात्री करतात आणि मिनिटभरात मांडीत 10 युनिट ऑक्सिटोसिन देतात. नाळ एक ते तीन मिनिटांनी कापतात. बाळ श्वास घेत नसेल तर लवकर. मग नाळेला चिमटा योनिमार्गाजवळ लावून एका हातात धरतात. दुसरा हात जघनास्थीच्या वर ठेवून गर्भाशय बेंबीकडे थोपवतात. कळ येऊन गर्भाशय घट्ट झालं की नाळ हळूहळू खाली ओढायची. तीस-चाळीस सेकंदांत वार खाली सरकली नाही तर ओढणं सोडून पुढच्या कळेची वाट पाहायची. वार दिसली की दोन्ही हातांनी धरून हलकेच फिरवत काढायची, म्हणजे पडदे फाटत नाहीत. ती पूर्ण आली का, हे उलटसुलट पाहणं हा कृतीचाच भाग आहे. एक तुकडा राहिला तरी रक्तस्राव सुरू राहतो.

चुका दोन होतात. एक म्हणजे वरचा हात न लावता ओढणं, दुसरी म्हणजे गर्भाशय सैल असताना ओढणं. मग नाळ तुटते, किंवा क्वचित गर्भाशयच आतून बाहेर उलटतं. पोटावर गर्भाशयाचा कठीण गोळा लागत नाही, योनिमार्गात मांसल गोळा दिसतो आणि रक्त फार गेलेलं नसतानाही बाई एकदम कोसळते, ही त्याची खूण.

या सगळ्याचा फायदा 1988 च्या ब्रिस्टलमधल्या अभ्यासात दिसला. वाट पाहिलेल्या गटात 17.9 टक्के स्त्रियांना अति रक्तस्राव झाला, सक्रिय पद्धतीत 5.9 टक्के. पण हे श्रेय सगळ्या कृतींना मिळून होतं. 2003 मध्ये सुईणींच्या आणि स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी औषध, नाळ ओढणं आणि गर्भाशय चोळणं अशी त्रयीच सुचवली.

ती 2012 मध्ये सुटी करून तपासली गेली. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आठ देशांत सुमारे 24 हजार स्त्रियांवर पाहिलं: सगळ्यांना ऑक्सिटोसिन, पण निम्म्यांची नाळ ओढायची नाही. एक लिटर किंवा अधिक रक्त गेलेल्यांचं प्रमाण ओढलेल्यांत 1.9 टक्के, न ओढलेल्यांत 2.1 टक्के निघालं. वार सरासरी सहा मिनिटं लवकर पडली, एवढाच ठळक फरक. त्यामुळे नाळ ओढणं आता प्रशिक्षित हात असेल तिथेच सुचवतात, आणि ऑक्सिटोसिन दिलेल्या बाईचं गर्भाशय सतत चोळत बसण्याची शिफारस गेली. ते घट्ट आहे का, हे मात्र पुन्हापुन्हा चाचपायचं असतंच.

औषधाचं बळ बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत आधीच दिसलं होतं. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात एएनएम परिचारिकांनी बाळंतिणींना गर्भाशय आवळणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या 600 मायक्रोग्रॅम गोळ्या दिल्या, तेव्हा अति रक्तस्राव 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आला. गोळ्याच निवडल्या, कारण ऑक्सिटोसिन 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं आणि टोचायला कुणीतरी लागतं. गोळी एएनएमच्या पिशवीत राहते.