खुराकातलं १६ टक्के प्रोटीन आणि २० टक्के प्रोटीन : चौकोनात कुठला आकडा टाकायचा?

आपल्याकडं करवीर-कागल पट्ट्यात बऱ्याच गोठ्यांत हल्ली गोळी पेंडीच्या जोडीला किंवा तिच्याऐवजी घरीच खुराक मिसळायला लागलेत. मका घरचा असतो, गव्हाचा भुसा आणि सरकी पेंड मार्केटमध्ये मिळते, शेंगपेंड घाण्यावरून आणायची, आणि मग कुठली वस्तू किती किलो घालायची याचा वहीत चौकोन काढून हिशोब करायचा. चौकोन सोपाच आहे, शाळेतलं पोरगं पण सोडवेल. घोळ होतो तो त्यात टाकायच्या आकड्याचा. पशुखाद्याच्या पोत्यावर लिहिलेलं असतं प्रोटीन २० टक्के, आणि जुन्या पशुपालनाच्या पुस्तिकेत असतं दुभत्या जनावराच्या खुराकात १४ ते १६ टक्के प्रथिनं पाहिजेत. लोक म्हणतात कंपनीवाले उगाच जास्त सांगतात, १६ बस्स झालं. तर तसं नाहीये, ते दोन वेगवेगळे आकडे आहेत.

पोत्यावरचं असतं ते क्रूड प्रोटीन, म्हणजे कच्चं प्रोटीन, सीपी. लॅबमध्ये खाद्याचा नमुना घेऊन त्यातला नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ नं गुणतात, झालं. जनावराच्या पोटात त्याचं काय होतं याच्याशी त्या आकड्याचा काही संबंध नाही. पुस्तिकेतलं असतं ते पचणारं प्रोटीन, डीसीपी. ते काढायला जनावराला मोजून खाद्य घालतात, पडलेलं सगळं शेण गोळा करून त्यातला नायट्रोजन मोजतात, आणि आत गेलेल्यातून शेणावाटे बाहेर आलेलं वजा करतात. उरलेलं ते पचलेलं. त्यामुळं एकाच खाद्याचा डीसीपी हा सीपीपेक्षा नेहमी कमीच असणार. खुराकात साधारण कच्च्याच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास पचणारं निघतं, म्हणजे पोत्यावरचे २० आणि पुस्तिकेतले १६ हे जवळपास एकाच खुराकाचे दोन आकडे झाले. भांडण मुळात नाहीच.

आता करून बघू. चार वस्तू घेतो, आकडे साधारण आहेत, लॉटप्रमाणं थोडं मागंपुढं होतं. मक्याचा भरडा : कच्चं ९, पचणारं ७. गव्हाचा भुसा : कच्चं १५, पचणारं ११. सरकी पेंड (टरफलासकटची, आपल्याकडं मिळते ती) : कच्चं २२, पचणारं १७. घाण्याची शेंगपेंड : कच्चं ४२, पचणारं ३८.

१०० किलो मिसळायचंय आणि सीपी २० पाहिजे. त्यातले २ किलो मिनरल मिक्श्चर आणि १ किलो मीठ आधीच बाजूला काढायचं, त्यात प्रोटीन शून्य. राहिले ९७ किलो, आणि २० किलो प्रोटीन या ९७ मधूनच यायला पाहिजे, म्हणून चौकोनाच्या मधोमध २० लिहायचं नाही, २० भागिले ९७ गुणिले १०० म्हणजे २०.६ लिहायचं. हे बरेच जण सोडून देतात आणि मग मिश्रण अर्ध्या-पाऊण टक्क्यानं कमी भरतं.

चौकोनाला डाव्या बाजूला दोनच कोपरे असतात आणि आपल्याकडं वस्तू चार, म्हणून दोन गट करायचे. धान्य गटात मका दोन भाग आणि भुसा एक भाग, त्याची सरासरी ९+९+१५ भागिले ३, म्हणजे ११. पेंड गटात सरकी आणि शेंगपेंड निम्मी-निम्मी, सरासरी ३२. वरच्या कोपऱ्यात ११, खालच्या कोपऱ्यात ३२, मध्ये २०.६. आता तिरकं वजा करायचं, मोठ्यातून लहान. ३२ वजा २०.६ म्हणजे ११.४, हे धान्य गटाच्या समोर येतं. २०.६ वजा ११ म्हणजे ९.६, हे पेंड गटाच्या समोर. हे ११.४ आणि ९.६ म्हणजे किलो नव्हेत आणि टक्के पण नव्हेत, ते नुसते भाग आहेत, एकूण २१ भाग. ९७ ला २१ नं भागून ११.४ नं गुणलं की धान्य गट साधारण ५३ किलो, उरलेली ४४ किलो पेंड. त्याची फोड केली की मका ३५, भुसा १८, सरकी २२, शेंगपेंड २२. ताळा करून बघा, ३५ चे ९ टक्के ३.१५, भुश्यातून २.७०, सरकीतून ४.८४, शेंगपेंडीतून ९.२४, बेरीज १९.९. बरोबर बसलं. आणि याच मिश्रणाचं पचणारं प्रोटीन काढलं तर साडेसोळा येतं, म्हणजे पुस्तिकेतल्या १६ ला पण हे चालतं.

आता घोळ कसा होतो ते बघा. पुस्तिकेतलं १६ घेतलं, पण वस्तूंचे आकडे मात्र पोत्यावरचे किंवा लॅबच्या कागदावरचे, म्हणजे कच्चे घेतले. मध्ये १६ भागिले ९७ गुणिले १०० म्हणजे १६.५, कोपऱ्यात तेच ११ आणि ३२. भाग येतात धान्याचे १५.५ आणि पेंडीचे ५.५. किलोत मका ४८, भुसा २४, सरकी आणि शेंगपेंड साडेबारा-साडेबारा. वहीत ताळा अगदी चोख, १६ बरोबर १६, म्हणून कुणाला शंकाच येत नाही. पण ते १६ कच्चं आहे, पचणारं काढलं तर १३ सुद्धा पुरतं भरत नाही. किलोमागं ३० ग्रॅमचा खड्डा पडला. जी गाय दिवसाला ५ किलो खुराक खाते तिला रोज १५० ग्रॅम पचणारं प्रोटीन कमी पडलं, आणि ४ टक्के फॅटच्या एक लिटर दुधाला साधारण ४५ ग्रॅम पचणारं प्रोटीन लागतं, तर हिशोब तुम्हीच करा, तीन लिटरचा कच्चा माल दावणीत पोचलाच नाही. आपल्याकडं वैरणीला ऊसाचं वाडं किती असतं ते सगळ्यांना माहितीय, वाड्यात प्रोटीन फारच कमी, त्यामुळं हा खड्डा वैरणीतून भरून निघत नाही. गाय व्यायल्यावर दूध चढतं, पण चढायचं तिथवर न जाता लवकर थांबतं, कधी एसएनएफ खाली येतो, आणि वैरण पण पूर्वीसारखी संपवत नाही कारण पोटातल्या जंतूंनाच नायट्रोजन पुरत नाही. मालक म्हणतो मका तर भरपूर घालतोय!

उलटा घोळ पण होतो, पोत्यावरचं २० मध्ये लिहायचं आणि वस्तूंचे आकडे पुस्तिकेतले पचणारे घ्यायचे. तेव्हा धान्य गट ८.३ आणि पेंड गट २७.५ धरला जातो, आणि पेंड ४४ च्या जागी ६२ किलो निघते. खरं कच्चं प्रोटीन २४ च्या जवळ जातं. यात दूध लगेच पडत नाही म्हणून हे जास्त दिवस चालतं, फक्त शेंगपेंडीचं बिल वाढतं आणि जास्तीचं प्रोटीन युरिया होऊन मुतावाटे निघून जातं. सकाळी गोठ्याचं दार उघडल्यावर डोळ्याला झोंबणारा अमोनियाचा वास आला, शेण पातळ पडायला लागलं, तर वहीतला चौकोन एकदा परत काढून बघावा. अर्थात शेण पातळ व्हायला दुसरी पण कारणं असतात, कोवळा हिरवा चारा किंवा एकदम वाढवलेला मका, ते आधी तपासायचं.

मग हातात आलेला तक्ता कच्च्याचा आहे का पचणाऱ्याचा हे कसं ओळखायचं? बऱ्याच ठिकाणी नुसतं 'प्रथिने' असंच छापलेलं असतं. माझा भरवसा मक्याच्या ओळीवर. मक्यासमोर ९ च्या आसपास असेल तर तक्ता कच्च्याचा, ७ किंवा त्याच्या खाली असेल तर पचणाऱ्याचा. शेंगपेंडीवरून ओळखायला जाऊ नका, कारण तिच्यात तेल किती राहिलंय त्यावर आकडा एवढा हलतो की ४० हा कच्चा पण असू शकतो आणि पचणारा पण. दुसरी खूण म्हणजे शेजारी टीडीएनचा, म्हणजे एकूण पचणाऱ्या घटकांचा रकाना असेल तर बहुतेक वेळा प्रोटीन पण पचणारंच दिलेलं असतं.

वापरायचं कुठलं म्हणाल तर दोन्ही चालतात, फक्त तिन्ही जागी, म्हणजे दोन्ही कोपरे आणि मधला, एकाच जातीचे आकडे पाहिजेत. माझं मत मात्र कच्च्याच्या बाजूनं आहे, कारण आपण आणलेल्या त्याच लॉटची सरकी पेंड लॅबला दिली तर कच्चं प्रोटीन कळतं, पचणारं कळत नाही, ते कायम कुणाच्या तरी तक्त्यातून उचलावं लागतं. आणि सरकी पेंडीच्या एका लॉटपासून दुसऱ्या लॉटमध्ये तीन-चार टक्क्यांचा फरक सहज पडतो, टरफल जास्त आलं की खाली.

पण कच्च्याला एक मोठं भोक आहे. तो नायट्रोजन मोजतो, आणि नायट्रोजन युरियात पण असतो. युरियात ४६ टक्के नायट्रोजन, गुणिले ६.२५, म्हणजे लॅबच्या कागदावर युरियाचं 'प्रोटीन' २८७ टक्के दिसतं. पेंडीच्या क्विंटलला एक किलो युरिया कुणी मारला तर सीपी जवळपास तीन टक्क्यांनी वाढलेलं दिसणार, आणि आपण तोच आकडा चौकोनात टाकून खरी पेंड कमी करणार. म्हणून सरकी पेंडीचा रिपोर्ट २६-२७ आला तर खूश होण्याआधी लॅबवाल्याला त्याच नमुन्याची युरिया टेस्ट पण करायला सांगा, आणि सोबत तंतू, म्हणजे क्रूड फायबर किती आलंय ते बघा. टरफल कमी असल्यामुळं प्रोटीन वाढलं असेल तर फायबर खाली उतरलेलं दिसेल, पण फायबर जुन्या लॉटएवढंच आणि प्रोटीन मात्र वर असेल तर तो आकडा चौकोनात घालायचा नाही, २२ धरूनच मिसळायचं आणि दुकानदाराला रिपोर्ट दाखवायचा.