मुंबईचा १९०१चा आकडा आणि ‘कायदेशीर’ लोकसंख्येचा घोळ

मुंबई शहराच्या लोकसंख्येचा जुना तक्ता काढला की १९०१पाशी नजर अडखळते. १८९१ साली ८,२१,७६४, १९०१ साली ७,७६,००६ आणि १९११ साली ९,७९,४४५. आधी साडेपाच टक्क्यांची घट, मग पुढच्या दशकात २६ टक्क्यांची उसळी. यावरून ‘विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबई झपाट्याने वाढली’ असं बिनदिक्कत लिहिलं जातं. पण १९०६ साली महापालिकेने स्वतंत्र शिरगणती केली होती. तिचा आकडा आहे ९,७७,८२२. तो मध्ये ठेवला की दशकाची जवळजवळ सगळी वाढ पहिल्या पाच वर्षांतच झालेली दिसते आणि उरलेल्या पाच वर्षांत जेमतेम सोळाशे माणसं वाढतात. शहर असं वाढत नसतं. १९०१चा हा खड्डा बऱ्याच अंशी मोजण्याच्या नियमाने पडलेला आहे.

१९०१ची मोजणी १ मार्चच्या रात्री झाली. तेव्हाचा नियम सरळ होता: त्या रात्री जो जिथे आहे, तो तिथला. आठवडे आधी घराघरांवर क्रमांक टाकून प्राथमिक यादी तयार व्हायची. मग ठरलेल्या रात्री प्रगणक दिवा घेऊन पुन्हा दारोदार फिरायचा. यादीतलं माणूस घरी नसेल तर नावावर काट मारायची, नवा पाहुणा दिसला तर नाव चढवायचं. रात्र शक्यतो चांदण्याची निवडत आणि जत्रा-सणांचे दिवस टाळत. त्या रात्री प्रवासात असलेल्यांची मोजणी स्टेशनांवर वेगळी होई.

प्लेग मात्र टाळता आला नाही. सप्टेंबर १८९६पासून तो शहरात होता आणि दर वर्षी हिवाळ्यात चढून मार्च-एप्रिलच्या सुमाराला शिगेला पोचायचा. ज्यांना गाव होतं ते कोकणात, घाटावर निघून जायचे आणि साथ उतरली की परतायचे. १८९७च्या फेब्रुवारीअखेर जवळजवळ निम्मं शहर रिकामं झालं होतं. १९०१ची रात्र नेमकी अशाच मोसमात आली. प्रगणकाने काट मारलेल्या नावांत मेलेले होते, तसेच महिन्या-दोन महिन्यांत गिरणीत परतणारेही होते. दोघांची काट सारखीच.

म्हणून ७,७६,००६ हा आकडा चुकीचा नाही. तो फक्त ‘त्या रात्री शहरात किती’ एवढंच सांगतो. अडचण येते ती त्यावर दर काढताना. समजा, वर्षभरात १०,००० मृत्यू झाले. ७.७६ लाखांवर दर हजारी जवळजवळ १३ पडतात, ९.७८ लाखांवर १०च्या थोडे वर. साथीच्या ऐन महिन्यांत शहरात उरलेल्यांना किती धोका होता, हे पाहायचं तर छोटा छेदच खरा. वर्षभराचा जन्मदर किंवा पाण्याची गरज काढायची तर तोच छेद फसवतो.

आता शब्दांकडे, कारण खरा गोंधळ तिथे आहे. हजर माणूस मोजणं म्हणजे डी फॅक्टो, आणि माणूस नेहमी जिथे राहतो तिथे त्याला मोजणं म्हणजे डी ज्युरे. आपल्याकडे दुसऱ्यासाठी सर्रास ‘कायदेशीर लोकसंख्या’ असं लिहितात आणि वाट चुकते. वाचणाऱ्याला वाटतं, ज्यांच्याकडे कागद आहेत ते कायदेशीर आणि झोपडपट्टीतले, भाड्याने राहणारे, परप्रांतातले ते फक्त ‘प्रत्यक्षातले’. मग ‘मुंबईची कायदेशीर लोकसंख्या इतकी, खरी मात्र तितकी’ अशी भाषा सुरू होते. जनगणनेत या भाषेला काडीचाही आधार नाही. डी ज्युरे पद्धतीतही रेशनकार्ड, घराचा उतारा, मतदारयादी यांतलं काहीच विचारात येत नाही, फक्त नेहमीचा मुक्काम बघतात. ‘हजर’ आणि ‘रहिवासी’ हे दोन साधे शब्द वापरले तर हा घोळ उरणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

एका रात्रीची पद्धत १९३१पर्यंत टिकली. तिला एकाच वेळी प्रचंड मनुष्यबळ लागायचं. १९४१ला, ऐन महायुद्धात, ती सोडली आणि मोजणी काही दिवसांवर पसरवली. तेव्हापासूनच्या नियमाला ‘विस्तारित डी फॅक्टो’ म्हणतात. नाव हजेरीचं राहिलं, जीव मात्र रहिवासाचा झाला.

२०११चं उदाहरण घेऊ. मोजणीचा काळ ९ ते २८ फेब्रुवारी. परळचा एक चाकरमानी १२ फेब्रुवारीला रत्नागिरीला गेला आणि १० मार्चला परतला, तर तो मुंबईचाच, कारण काळातले पहिले काही दिवस तो घरी होता. तोच ५ फेब्रुवारीला निघून ३ मार्चला परतला असता तर रत्नागिरीत मोजला गेला असता, कारण पूर्ण काळ तो घराबाहेर होता. मग १ ते ५ मार्च पुन्हा फेरी मारून, २८ फेब्रुवारीच्या मध्यरात्रीपर्यंतचे जन्म-मृत्यू जमेस धरले गेले. जुनी पद्धत जशीच्या तशी फक्त बेघरांसाठी उरली आहे: त्यांना २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत, जिथे झोपलेत तिथे मोजलं गेलं.

म्हणजे बृहन्मुंबईचा म्हणून आज सांगितला जाणारा १,२४,४२,३७३ हा आकडा कागदोपत्री हजेरीचा, पण व्यवहारात रहिवाशांच्या जवळ जाणारा आहे. विरार-कल्याणहून रोज येणारी गर्दी त्यात नाही. डी फॅक्टो म्हणजे दिवसाची गर्दी, हा आणखी एक गैरसमज, कारण हजेरी आधीही रात्रीचीच होती. २००१ ते २०११मध्ये मुंबई शहर जिल्हा ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर आला, तोही तिथल्या मुक्कामाचाच आकडा आहे. कचेऱ्यांतली गर्दी त्यावरून मोजता येत नाही. आणि १.८४ कोटी हा वारंवार दिला जाणारा आकडा ठाणे, कल्याणसह सगळ्या नागरी समूहाचा आहे. तिथे फरक हद्दीचा आहे, पद्धतीचा नाही. १९०१साठी कुठे ७.७६ लाख, कुठे ८.१३ लाख दिसतात, त्याचंही कारण हेच: दुसऱ्या आकड्यात आजच्या बृहन्मुंबईच्या हद्दीतली तेव्हाची गावं धरलेली आहेत.

फेब्रुवारीत लोक कमी हलतात म्हणून हा महिना निवडतात. महाराष्ट्रात मात्र तेव्हा उसाचा हंगाम ऐन भरात असतो. बीडचं सहा जणांचं ऊसतोड कुटुंब दिवाळीच्या आसपास निघतं आणि मार्च-एप्रिलमध्ये परततं. नियमाप्रमाणे कोयता चालवणारं जोडपं कारखान्याजवळच्या झोपडीत, म्हणजे कोपीत मोजायचं, आणि गावी राहिलेली म्हातारी व नातवंडं गावात. पण गावात प्रगणकाने ‘घरात किती माणसं?’ एवढंच विचारलं तर म्हातारी सगळी सहा सांगते. कोपीवर विचारलं तर जोडपं म्हणतं, आमची नावं गावाकडे आहेत. पहिलं उत्तर तसंच लिहिलं आणि कोपीवरही नोंद झाली तर दोनदा मोजणी, गावात फक्त चौघं लिहिली आणि कोपी सुटली तर एकदाही नाही. ‘नऊ तारखेपासून आजवर एक दिवस तरी ते घरी होते का?’ हा एक प्रश्न विचारला की दोन्ही टळतं. पुढच्या जनगणनेची संदर्भवेळ १ मार्च २०२७च्या आरंभीची मध्यरात्र अशी ठरली आहे. त्या आधीच्या दिवसांतही कारखाने चालू असतील.