अनुवादित पाठावरून द्विभाषिक परिभाषासूची

पाठ्यपुस्तकातले एखादे प्रकरण इंग्रजीत आणि मराठीत शेजारी ठेवून त्यातल्या पारिभाषिक शब्दांच्या जोड्या जमवल्या की अशी सूची तयार होते. कोशात शब्द सुटा भेटतो, इथे तो वाक्यात वापरलेला सापडतो. त्यामुळे त्याचे लिंग, सामान्यरूप आणि अर्थाची मर्यादा पाठातूनच कळते.

पहिले काम दोन्ही पाठ जुळवण्याचे. वाक्याला वाक्य जुळेल अशी अपेक्षा ठेवू नये. इंग्रजीतल्या एका लांब वाक्याची चांगला अनुवादक मराठीत दोन-तीन वाक्ये करतो आणि पुढचे उदाहरण कधीकधी आधी आणतो. म्हणून जुळवणी परिच्छेदांची करावी आणि खुणा म्हणून सूत्रे, आकृत्यांचे क्रमांक व गणितातले आकडे धरावेत. W = Fs हे सूत्र दोन्हीकडे तसेच असते; त्याच्या मागेपुढे पाहिले की कोणते वाक्य कोणाचे ते कळते.

‘कार्य आणि ऊर्जा’ हे प्रकरण घेऊ. इंग्रजीत ‘वर्क’ हा शब्द पहिल्या परिच्छेदापासून येतो, पण मराठीत त्याच्या समोर दोन शब्द दिसतात. प्रस्तावनेत ‘आपण दिवसभर अनेक कामे करतो’ असे असते, तर व्याख्येत ‘बलामुळे वस्तूचे विस्थापन झाले तर कार्य झाले असे म्हणतात’. डोक्यावर ओझे घेऊन उभा असलेला माणूस दमतो, पण विस्थापन शून्य असल्याने भौतिकशास्त्राच्या भाषेत त्याने कार्य केलेले नसते. अनुवादकाने ‘काम’ आणि ‘कार्य’ वेगळे ठेवले आहेत ते यासाठीच. सूचीत फक्त ‘कार्य’ जाते. नुसती वारंवारिता मोजून जोड्या काढणाऱ्याच्या सूचीत मात्र ‘वर्क : काम, कार्य’ अशी नोंद पडते आणि पाठातला सगळ्यात महत्त्वाचा भेद तिथेच हरवतो. म्हणून जोडी व्याख्येच्या वाक्यातूनच घ्यावी, बाकीची वाक्ये पडताळ्यासाठी वापरावीत.

शब्द शोधताना विभक्तीची अडचण येते. ‘ऊर्जा’ असे शोधले तर ‘ऊर्जेचे’, ‘ऊर्जेमुळे’ ही रूपे निसटतात. ‘ऊर्ज’ एवढेच टाकले तर दोन्ही सापडतात. उलट ‘वेग’ शोधल्यावर ‘संवेग’ही हाती लागतो आणि ‘बल’ शोधल्यावर ‘दुर्बल’ आणि ‘केबल’सुद्धा. त्यामुळे यंत्राने काढलेली यादी डोळ्यांखालून घालावीच लागते. नोंदीत शब्द मूळ रूपात, एकवचनात लिहावा आणि शेजारी लिंग द्यावे: कार्य न., ऊर्जा स्त्री., वेग पु.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या शब्दसमूहांत. ‘कन्झर्व्हेशन’ला इथे ‘अक्षय्यता’ म्हणतात, पण ते ‘ऊर्जा अक्षय्यतेचा नियम’ या समूहापुरते. शेतीच्या पुस्तकात तोच इंग्रजी शब्द ‘मृदसंधारण’मध्ये ‘संधारण’ होतो. ‘पॉवर’चेही तसेच: या प्रकरणात ‘शक्ती’, गणितात ‘घात’. तेव्हा ‘गतिज ऊर्जा’, ‘स्थितिज ऊर्जा’, ‘ऋण कार्य’ असे समूह फोडू नयेत, आणि प्रत्येक नोंदीला विषयाचे नाव जोडावे. एक पूर्ण नोंद अशी दिसते:

पॉवर – शक्ती (स्त्री.) – भौतिकशास्त्र – कार्य करण्याचा दर – एकक वॅट

जूल, वॅट, न्यूटन ही एककांची नावे दोन्हीकडे तीच असल्याने तिथे फक्त लेखन ठरवायचे असते.

एका प्रकरणातून एका अनुवादकाची निवड कळते, भाषेतला रूढ शब्द कळतोच असे नाही. म्हणून तयार सूची महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाच्या भौतिकशास्त्र परिभाषा कोशाशी ताडून पाहावी. हे संचालनालय 1960 मध्ये स्थापन झाले. फरक दिसला तर पाठातला शब्द खोडू नये. दोन्ही ठेवून कोणता कुठला ते लिहावे. मराठी पाठात ‘वस्तुमान’ऐवजी ‘द्रव्यमान’ दिसले तर हिंदी अनुवादाचा हात लागला असण्याची शंका घ्यावी, कारण हिंदी पुस्तकांत तोच शब्द चालतो. असा एक शब्द सापडला की शेजारचेही तपासावेत.

शेवटी क्रम लावण्याचा प्रश्न उरतो. इंग्रजी बाजूचा क्रम संगणक नीट लावतो. मराठी बाजूला मात्र, भाषेची सेटिंग न करता लावलेला क्रम युनिकोडच्या अंकांप्रमाणे लागतो आणि त्यात ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये येतो, तर मराठी वर्णमालेत तो ‘ह’च्या नंतर असतो. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांचीही तीच गत: संगणक त्यांना ‘क’ आणि ‘ज’ यांच्या घरात बसवतो. छापील सूचीसाठी हे शब्द हाताने हलवावे लागतात, नाहीतर ‘क्षमता’ शेवटच्या पानांवर शोधणाऱ्याला ती तिथे मिळत नाही.