शिफॉन केक : अंड्याचा फेस आणि उलटे निववणे

लोण्याऐवजी तेल घालून केलेला अतिशय हलका केक. लॉस एंजेलिसच्या हॅरी बेकरने तो १९२७ साली केला आणि कृती वीस वर्षे स्वतःपाशी ठेवून १९४७ मध्ये जनरल मिल्स कंपनीला विकली.

या केकची उंची मुख्यतः अंड्याच्या पांढऱ्या भागातून येते. बेकिंग पावडर फक्त मदतीला असते. पांढरे फेटताना त्यातल्या प्रथिनांच्या गुंडाळ्या उलगडतात आणि हवेच्या बुडबुड्यांभोवती जाळे विणतात. ओव्हनमध्ये हवा प्रसरण पावते, पाण्याची वाफ होते, बुडबुडे फुगतात, आणि मग प्रथिने व मैद्यातला स्टार्च घट्ट होऊन तो आकार धरून ठेवतात. बलकाचा थेंबही पांढऱ्यात गेला तर त्यातल्या स्निग्धांशामुळे फेस नीट येत नाही, म्हणून भांडे कोरडे आणि तेलकटपणा नसलेले हवे.

चार अंड्यांच्या केकला ८० ग्रॅम मैदा, ८० ग्रॅम साखर, ४० मिलिलिटर तेल आणि ६० मिलिलिटर पाणी किंवा संत्र्याचा रस पुरतो. अंडी थंड असतानाच वेगळी करावीत, कारण तेव्हा बलक फुटत नाही. फेटताना मात्र पांढरे फार गार नको. नाशिकच्या डिसेंबरातल्या सकाळी ओट्यावर ठेवूनही ते गारच राहते, तेव्हा भांडे कोमट पाण्यात धरावे. अर्धा चमचा लिंबाचा रस घालून फेटावे आणि साखरेतली ५० ग्रॅम थोडी थोडी घालावी. फेटणी उचलल्यावर टोक उभे राहून शेंडा जरासा झुकला की थांबावे. त्यापुढे फेस कोरडा, कापसासारखा गठ्ठ्यांचा होतो आणि बलक, उरलेली साखर, तेल, पाणी व मैदा यांच्या मिश्रणात मिसळता मिसळता मोडतो. तो तीन वेळा घालून, खालून वर असा हलक्या हाताने मिसळावा.

या केकला मधोमध नळी असलेला साचा लागतो. त्याला तेल-तूप लावायचे नाही, नॉनस्टिक साचाही चालत नाही. मिश्रण भिंतीला आणि मधल्या नळीला धरूनच वर चढते. १६० अंशांवर साधारण ४५ मिनिटांनी केक बाहेर काढला की तो लगेच उलटा करावा. गरम केकच्या पेशींच्या, म्हणजे बुडबुड्यांच्या पोकळ्यांच्या, भिंती अजून ओल्या, मऊ असतात. आतली वाफ निवून पाणी होते, बुडबुड्यांतला दाब उतरतो आणि वरचा भार खालच्या थराला दाबतो. लोण्याच्या केकमध्ये निवताना लोणी थिजून थोडा आधार देते. तेल द्रवच राहते. उलट्या साच्यात केक चिकटलेल्या कडांना लटकतो आणि त्याच्या वजनाने पेशी दबण्याऐवजी ताणलेल्या राहतात. नळी बाटलीच्या गळ्यावर टेकवतात; नाशिकमध्ये वाइनची रिकामी बाटली सहज मिळते. खालून हवा खेळते आणि वाफ अडकत नाही.

तासा-दीड तासाने साचा हाताला पूर्ण गार लागला की कडेने पातळ सुरी फिरवून केक सोडवावा. उलटा करताच तो खाली पडला तर कच्चा राहिला किंवा साचा तेलकट होता. मध्ये कंबर आत गेली असेल तर बहुधा भाजणे कमी पडले किंवा घाईने काढला. कापल्यावर तळाशी ओला, दाट पट्टा दिसला तर फेस नीट मिसळला गेला नव्हता. या चुका उलटे निववून भरून निघत नाहीत.